रडणं थांबलं, पण ती गप्प झालीय

ताई, नमस्कार. बायकोची डिलिव्हरी होऊन आज २६ दिवस झाले. सिझेरियन झालं, मुलगी आहे. ती धायरीला माहेरी आहे, माझी नोकरी हिंजवडीत, मी शनिवार-रविवार जातो. पहिले आठ-दहा दिवस ती फार रडायची, आता रडत नाही पण गप्प असते. सासूबाई म्हणतात सावरली आता, सव्वा महिना झाला की आधीसारखी होईल. पण बाळ झोपलं तरी ही टक्क जागी असते, जेवण नीट नाही, माझा फोन उचलत नाही. परवा म्हणाली, "माझ्याशिवाय तुम्ही दोघं जास्त बरे राहाल." हा नुसता थकवा आहे का डॉक्टरकडे न्यावं? आणि औषधं सुरू झाली तर बाळाचं दूध बंद करावं लागेल का?

---

डॉक्टरकडे न्यायचं, आणि सव्वा महिना पुरा व्हायची वाट बघायची नाही. सदर छापून यायला वेळ लागतो म्हणून एवढं मी तुला मेलवर आधीच कळवलंय, आता बाकीचं सविस्तर लिहिते, कारण माझ्या ओपीडीत येणारे नवरे, आया, नणंदा सगळ्यांचं एकाच ठिकाणी चुकतं. सगळे रडणं मोजत बसतात. रडतेय म्हणजे काहीतरी बिनसलंय, रडायची थांबली म्हणजे झालं बरं. बाळंतिणीच्या बाबतीत हा हिशोब बऱ्याचदा उलटा निघतो.

आधी पहिल्या आठ-दहा दिवसांचं बघू. वार पडली की गरोदरपणात नऊ महिने चढत गेलेली हार्मोन्स, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन, दोन-तीन दिवसांत धाडकन खाली येतात. त्याच सुमाराला दूध उतरतं, छाती दगडासारखी होते, टाके दुखत असतात, झोपेचे तुकडे झालेले असतात आणि त्यातच हॉस्पिटलमधून घरी सोडतात. म्हणून तिसऱ्या दिवसाच्या आसपास रडू सुरू होतं, चौथ्या-पाचव्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि साधारण दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत ओसरतं. याला बेबी ब्लूज म्हणतात, निम्म्याहून जास्त बायकांना होतात आणि याला औषध लागत नाही. माझी एक पेशंट चहात बिस्किट मोडून पडलं म्हणून हमसून हमसून रडली होती आणि पाच मिनिटांनी तीच गोष्ट मला सांगताना तिलाच हसू आवरेना. ब्लूजची खूण हीच, क्षणात रडू क्षणात हसू. मधल्या वेळात बाई आपली आपल्यात असते, बाळाचं नाक कोणावर गेलंय यावर वाद घालते, भूक लागली की खाते आणि कोणी बाळ घेतलं की घोरत झोपते.

आता कॅलेंडर बघ. ब्लूज चौदाव्या दिवसापर्यंत संपायला हवेत. आपल्याकडे घरोघरी जो सव्वा महिना धरतात तो चाळीस दिवसांचा. म्हणजे चौदा ते चाळीस हे जे मधले दिवस आहेत ना, त्यात डॉक्टरांच्या हिशोबाने उशीर होत असतो आणि घरच्यांच्या हिशोबाने अजून मुदत शिल्लक असते. तू लिहिलेलं सगळं नेमकं याच दिवसांतलं आहे. सव्वा महिन्याची पद्धत वाईट आहे असं मी म्हणत नाहीये हां, शेक, मालिश, आयतं जेवण, बाहेरच्या लोकांना घरात मज्जाव, यातलं बरंचसं बाळंतिणीच्या फायद्याचंच आहे. पण दिवस भरले की मन आपोआप ताळ्यावर येतं, हे काही खरं नाही.

मग रडणं का थांबलं? कधीकधी ब्लूज ओसरतात म्हणून थांबतं, पण त्यात माणूस परत येतो. डिप्रेशन चढतं तेव्हाही थांबू शकतं, आणि त्यात माणूस आणखी लांब जातो. रडायला सुद्धा आतून काहीतरी हलावं लागतं, ते हलायचंच बंद होतं. बायका मला सांगतात की सगळं काचेपलीकडे चाललंय असं वाटतं, बाळाला पाजते, दुपटी बदलते, ढेकर काढते, एक काम चुकत नाही, पण त्या गाठोड्याकडे बघून काही वाटतच नाही. आणि काही वाटत नाही याची इतकी भयंकर लाज वाटते की ते कोणाला सांगणं शक्य नसतं, कारण घरात बर्फी वाटणं चाललेलं असतं, बारशाची यादी चाललेली असते, येणारा प्रत्येक जण "किती नशीबवान आहेस" म्हणून जातो. मग ती गप्प बसते, आणि घर म्हणतं, सावरली.

म्हणून रडण्याऐवजी झोपेकडे बघ, तू ते आपणहून लिहिलंयस आणि पत्रातली सगळ्यात कामाची माहिती तीच आहे. नवीन आईची झोपमोड होणारच, त्याला काही अर्थ नाही, प्रश्न एवढाच विचारायचा की बाळ झोपलंय, आजीजवळ आहे, खोली शांत आहे, अंग मोडून आलंय, तर आता हिला झोप येते का? थकलेल्या बाईला दोन मिनिटांत येते. डिप्रेशनमधल्या बाईला येत नाही, ती छताकडे बघत पडते, किंवा दर दहा मिनिटांनी उठून बाळाच्या नाकाशी बोट धरते, किंवा पहाटे तीनला जाग येते आणि मग तो एकच विचार गोल गोल फिरतो. त्याच्या जोडीला दिवसाचा बहुतेक वेळ उदास किंवा कोरं वाटणं, भूक जाणं, आधी आवडायचं त्यातलं काहीच नको वाटणं, माणसं टाळणं, "मी वाईट आई आहे" हे पालुपद. यातलं बरंचसं जवळजवळ रोज आणि दोन आठवडे सलग असेल तर ते ब्लूज नव्हेत, पोस्टपार्टम डिप्रेशन आहे, आणि ते उपचारांशिवाय बरं होईल म्हणून थांबण्यात अर्थ नाही. हे काही दुर्मिळ पण नाही, भारतात झालेले अभ्यास एकत्र करून जो आकडा निघाला तो २२ टक्के होता, म्हणजे साधारण पाचात एक आई.

आता तिच्या त्या वाक्याबद्दल. हे वाक्य थकव्याचं नाही. अशी वाक्यं आत्महत्येच्या विचारांचं दार किलकिलं करून दाखवतात, आणि बहुतेक घरांत ऐकणारा घाबरून ते दार पटकन लावून टाकतो, "असं अभद्र बोलू नये", "बाळाकडे बघ". तू लावू नकोस. शनिवारची वाट न बघता आज संध्याकाळीच धायरीला जा, तिच्या शेजारी बस, फोन बाजूला ठेव, आणि सरळ शब्दांत विचार. "तू परवा म्हणालीस ना, तुझ्याशिवाय आम्ही बरे राहू, तेव्हा तुझ्या मनात मरून जावं असं येत होतं का?" विचारल्यामुळे डोक्यात नसलेला विचार डोक्यात शिरतो असं लोकांना वाटतं, तसं होत नाही, उलट बहुतेक बायकांना हायसं वाटतं की कोणीतरी विचारलं बाबा. ती हो म्हणाली तर पुढचं पण विचारायचं, कसं करायचं ते ठरवलंय का, कधी करावंसं वाटतं, बाळाबद्दल काही विचार येतात का. काहीतरी ठरलेलं आहे असं कळलं, किंवा ती उत्तरच देईना आणि तुझं मन खात असेल, तर रात्र काढायची नाही, तिला एकटं सोडायचं नाही (बाथरूमची कडी पण नको), घरातल्या गोळ्या, झुरळं-उंदरांची औषधं उचलून कुलपात टाकायची, आणि त्याच दिवशी ज्या हॉस्पिटलात मानसोपचार विभाग आहे तिथल्या कॅज्युअल्टीत न्यायचं. ससूनची कॅज्युअल्टी चोवीस तास चालू असते, गाडी नसेल तर १०८ ला फोन. "नाही, मरावं वगैरे नाही वाटत, पण कंटाळा आलाय" असं म्हणाली तरी दोन-तीन दिवसांत अपॉइंटमेंट हवीच.

बाळाबद्दलच्या विचारांवरून एक सांगते, कारण ते नीट माहीत नसलं तर घरात उगाच हलकल्लोळ होतो. चौथ्या मजल्याच्या गॅलरीत बाळाला घेऊन जायला ती घाबरते, हातातून पडेल असं चित्र डोळ्यांसमोर येतं, सुरी दिसली की नको ते मनात येतं, असे विचार नवीन आयांना खूप येतात, डिप्रेशन नसतानाही येतात. तिला त्यांची भीती आणि किळस वाटते, ती गॅलरीचं दार लावून घेते, आणि हेच ओळखायचं. सांगितलं तर ओरडायचं नाही, बाळ हिसकावून घ्यायचं नाही, फक्त डॉक्टरला सांगायचं. वेगळं आणि खरंच धोक्याचं प्रकरण म्हणजे सायकोसिस, हजारात एखाद-दुसऱ्या बाळंतिणीला होतं आणि बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होतं. त्यात ती दोन-दोन रात्री झोपत नाही आणि तरी थकत नाही, असंबद्ध बोलते, कधी एकदम आनंदात कधी भेदरलेली, बाळ बदललंय, बाळात काहीतरी शिरलंय असं खात्रीने सांगते, आवाज ऐकू येतात. आणि तिला त्या विचारांची भीती वाटत नाही, ते पटलेले असतात. घरचे याला बाहेरची बाधा म्हणतात, उतारे-अंगारे यात चार दिवस जातात, त्या चार दिवसांत आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो. तू लिहिलंयस त्यात असं काही नाही, पण पुढे दिसलं तर त्याच तासाला हॉस्पिटल, अपॉइंटमेंट वगैरे काही नाही.

डॉक्टरकडे काय होतं ते एका केसवरून सांगते, ओळख पटेल असं सगळं बदलून. कोथरूडकडची एक शिक्षिका, पहिलं बाळंतपण, चौतिसाव्या दिवशी आली. तिची आई सोबत होती आणि सगळी उत्तरं आईच देत होती, "तशी काही नाही हो, जरा अशक्तपणा आहे". मी आईंना बाळ घेऊन बाहेर बसवलं आणि हिला एक कागद दिला. दहा प्रश्नांचा असतो तो, एडिंबरो स्केल म्हणतात, १९८७ साली बनवलेला, मागच्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच विचारतो, प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन मार्क, एकूण तीस. तेरा किंवा त्याहून जास्त आले तर डिप्रेशन असण्याची शक्यता बरीच, दहा किंवा जास्त असले तरी आम्ही नीट तपासतो, आणि दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो, तिथे शून्य सोडून काहीही आलं तर बाकीची बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी त्यावर बोलायचं. हिचे सतरा आले. कागदाने निदान होत नाही, पण जे तोंडाने बोलता येत नाही त्यावर टिक करता येते. ती टिक केल्यावर बोलायला लागली ती चाळीस मिनिटं थांबली नाही.

मग रक्त तपासलं. हे घरच्यांना फालतू वाटतं पण लागतं, बाळंतपणानंतर काही बायकांचा थायरॉइड बिघडतो आणि तो हुबेहूब उदासीसारखा दिसतो, आणि हिमोग्लोबिन कमी असेल तर कितीही समजावून अंगात उभं राहायचा जोर येत नाही. हिचं हिमोग्लोबिन ८.६ होतं, थायरॉइड ठीक. दुसरं विचारलं ते म्हणजे आधी कधी उलटं झालंय का, झोप न घेता आठ-आठ दिवस सुसाट, भरमसाट खर्च, तोंडाची टकळी चालू, आणि घरात कोणाला असा त्रास. कारण ते बायपोलर असलं तर नुसती डिप्रेशनची गोळी देऊन पेशंट उलट्या टोकाला जाऊ शकतो. म्हणून डॉक्टरकडे जाताना हे सासूबाईंना नीट विचारून जा, माहेरच्या माणसांनाच माहीत असतं आणि तेच लपवतात.

हिला लोहाच्या गोळ्या, दर आठवड्याला समुपदेशन आणि सर्ट्रालिन ही डिप्रेशनची गोळी सुरू केली, आधी २५ मिलिग्रॅम, आठवड्याने ५०. (हे तिचं प्रमाण होतं, मेडिकलमधून आणून सुरू करायचं नाही.) आता तुझा दुधाचा प्रश्न. नाही, बंद करावं लागत नाही. सर्ट्रालिन दुधात फार थोडं उतरतं आणि पाजणाऱ्या आयांना बऱ्याचदा तेच पहिलं दिलं जातं, बाळ वेळेआधी जन्मलेलं किंवा आजारी असेल तर बाळाच्या डॉक्टरांना विचारून ठरवतात. दूध तोडायचं की नाही हा तिच्या मर्जीचा प्रश्न आहे, गोळीचा नाही. कोणी "औषध घेतेस तर पाजू नको" म्हणालं तर ते मनाला लागतं, आणि बायका मग गोळी बंद करतात, पाजणं नाही. आणि गोळी दोन दिवसांत काही करत नाही हे आधीच सांगून ठेवते, या शिक्षिकेला दुसऱ्या आठवड्यात वाटलं होतं की हे सगळं फुकट चाललंय, तिसऱ्या आठवड्यात एकदा दुपारी तिला भूक लागली, खरी भूक, तिने आईकडे भाकरी मागितली. सहाव्या आठवड्यात स्कोअर ९. बरं वाटलं म्हणून लगेच बंद करायचं नसतं, तिची गोळी पुढे नऊ महिने चालली आणि मग हळूहळू कमी केली.

तिच्या घरी एक बदल केला तो तू पण उद्यापासून कर, डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत थांबू नको. रात्री तिला सलग पाच तास झोपायला मिळालं पाहिजे, तुकड्या-तुकड्यांनी आठ तास मिळाले तरी ते काम होत नाही. रात्री दहाला ती पाजेल आणि दुसऱ्या खोलीत दार लावून झोपेल, मधलं एक पाजणं आधी काढून ठेवलेल्या दुधावर, वाटी-चमच्याने, आणि ते कोणी द्यायचं तर तू किंवा सासूबाई. काढलेलं दूध फ्रीजमध्ये चार दिवस राहतं, बाहेर चार तास धर आणि गरमीत तेवढंही नको. तुला त्यासाठी सुट्टी काढावी लागेल किंवा धायरीहून अप-डाउन करावं लागेल, तो ट्रॅफिक मला माहितीय, नवले पुलावरचा विशेष, तरी कर. आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या माणसाला ती कशी झोपते हे दिसत नाही. आणि झोपायला दिलं तरी झोप लागत नसेल तर ते डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगायचं.

सासूबाई तयार होणार नाहीत हे मी धरून चाललेय. पुण्यात मानसोपचार म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर थेट येरवड्याचं मनोरुग्णालय येतं, त्या घाबरलेल्या असतील की लेकीवर शिक्का बसेल, बाळ काढून घेतील. बाळ कोणी काढून घेत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातच लिहिलंय की उपचार चालू असताना तीन वर्षांखालचं मूल आईपासून सहसा वेगळं करायचं नाही, बाळाला धोका असेल तेवढ्यापुरतीच सूट आहे. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये तर आई आणि बाळाला एकत्र ठेवायचा वेगळा वॉर्ड आहे. तुझ्या बायकोला ॲडमिट करावंच लागेल असंही मला दिसत नाही, बहुतेक बायका घरूनच बऱ्या होतात. सासूबाईंशी वाद घालू नको, त्यांना एवढंच म्हण की आई, टाके तुम्ही घरी काढले नाहीत, त्याला डॉक्टरकडे गेलो, तसंच हे पण दाखवून येऊ. मानसोपचारतज्ज्ञ नावालाच बिचकल्या तर डिलिव्हरी केलेल्या डॉक्टरीणबाईंकडून सुरुवात कर, त्यांच्या चिठ्ठीला घरात वजन असतं.

एक विचारायचं राहिलं, आणि हे तू बायकोला एकटीला विचार. मुलगी झाली म्हणून कोणी काही बोललंय का? तुझ्या घरून पण. गोव्यात २००२ साली छापून आलेल्या अभ्यासात पैशाची ओढाताण आणि नवऱ्याकडून मारहाण यांच्या जोडीला मुलगी होणं हे पण डिप्रेशनचं कारण म्हणून समोर आलं होतं, अर्थात मुलीत काही नसतं, आजूबाजूच्यांच्या तोंडात असतं. "पुढच्या वेळी" म्हणून केलेला एक विनोद टाक्यांपेक्षा जास्त दिवस दुखतो. असं काही झालं असेल तर ते बोलणाऱ्याशी तू बोलायचं, तिने नाही.

रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, तू पण करू शकतोस, तिनेच करायला पाहिजे असं नाही. अपॉइंटमेंटला जाताना डिस्चार्ज कार्ड, चालू असलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि काढ्यांच्या बाटल्या सुद्धा, आणि मागच्या तीन रात्री ती किती ते किती झोपली ते कागदावर लिहून ने. बाळाला सोबत घ्या, मधे पाजावं लागेल. आणि डॉक्टरांनी तुला बाहेर बसायला सांगितलं तर बाहेर बस.